भाच्याचं १२.८ आणि भाचीचं १२.३

*धावणाऱ्यांनो, जागे व्हा!!*
१) पळताना तळपाय आपटून रक्तपेशी फुटतात, म्हणून रनर्सचं रक्त कमी होतं. यालाच स्पोर्ट्स ॲनिमिया म्हणतात.
२) हिमोग्लोबिन पुरुषांचं १३ आणि बायकांचं १२ च्या खाली गेलं की लगेच लोहाची गोळी सुरू करा, दिवसाला दोन. त्याच्या वर असेल तर काही काळजी नको.
३) फेरिटिन वगैरे तपासण्या म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा.
४) गोळी जास्त झाली तरी अपाय नाही, नको असलेलं लोह शरीर बाहेर टाकतं.
५) रोज बिटाचा रस आणि लोखंडी कढईतली भाजी. महिन्यात रक्त भरून येतं.
*ग्रुपमधल्या प्रत्येक रनरला पाठवा.* 🙏

हे मला माझ्या ताईने पाठवलं. खाली तिची ओळ होती, "बघ, याला वेळेत कळलं म्हणून बरं झालं." याला म्हणजे तिच्या मुलाला. मी साताऱ्यात पॅथॉलॉजिस्ट आहे, वीसेक वर्षं लोकांच्या रक्ताकडे बघण्यातच गेली, आणि माझा सख्खा भाचा सात आठवडे रोज दोन गोळ्या घेत होता. एका फॉरवर्डच्या भरवशावर, मावशीला एक फोनही न करता. तेव्हा पुढचं थोडं चिडून लिहिल्यासारखं वाटलं तर ते तसंच आहे.

आधी घरातले दोन रिपोर्ट सांगते, कारण सगळी गोम त्यांच्यातच आहे. भाचा सत्तावीस वर्षांचा. सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी मार्चपासून तयारी करत होता, आणि दर रविवारी यवतेश्वरच्या घाटात लांब पल्ला असायचा. जूनमध्ये त्यांच्या रनिंग ग्रुपने सगळ्यांची रक्ततपासणी करून घेतली. भाच्याचं हिमोग्लोबिन आलं १२.८. त्याची धाकटी बहीण एकोणीस वर्षांची, कॉलेजकडून ५,००० मीटर पळते. तिचं आलं १२.३. फॉरवर्डचा दुसरा मुद्दा लावला तर भाच्याला ॲनिमिया आणि भाची ठणठणीत. घरात तसंच मानलं गेलं. याला गोळ्या चालू झाल्या आणि तिला "तुझं काय, तुझं नॉर्मल आहे" म्हणून मोकळं सोडलं. खरी परिस्थिती बरोब्बर उलटी होती.

म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या चारांकडे नंतर येते.

रिपोर्टवर हिमोग्लोबिनपुढे जो आकडा असतो तो अंगात एकूण किती हिमोग्लोबिन आहे हे सांगत नाही. १०० मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम आहे, एवढंच सांगतो. वरणात डाळ किती आहे हे एका पळीवरून ठरवण्यासारखं आहे ते. ऐन वेळी चार पाहुणे वाढले, घरच्या बाईने वरणात दोन तांबे पाणी घातलं. पळीत डाळ कमी येणार, पण म्हणून पातेल्यातली डाळ कोणी चोरली नाही. लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्या माणसाच्या अंगात नेमकं हेच होतं. रक्ताचा जो पातळ भाग, प्लाझ्मा, तो वाढतो. लाल पेशी तेवढ्याच राहतात, कधी सावकाश वाढतातही, पण पाणी त्यांच्याआधी आणि त्यांच्यापेक्षा जास्त वाढतं.

भाच्याचा हिशेब मी त्याला कागदावर मांडून दाखवला. मागच्या वर्षी कंपनीच्या तपासणीत, पळणं सुरू करण्याआधी, त्याचं हिमोग्लोबिन १४.१ होतं. त्याच्या वजनाच्या माणसात रक्त साधारण ५ लिटर धरू. म्हणजे एकूण हिमोग्लोबिन झालं ७०५ ग्रॅम. आता त्यातला एक ग्रॅमही कमी न करता नुसता अर्धा लिटर प्लाझ्मा वाढवा. तेच ७०५ ग्रॅम आता साडेपाच लिटरमध्ये पसरले. भागाकार करा, १२.८ येतं. रिपोर्टवरचाच आकडा. पाच लिटर हा माझा अंदाज आहे, त्यामुळे आकडा इतका तंतोतंत जुळला हा थोडा योगायोग समजा, पण अर्धा लिटर वाढणं हा काही माझ्या कल्पनेचा खेळ नाही.

१९८० साली व्हिक्टर कॉन्व्हर्टिनो आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजीत छापला. आठ पुरुषांना आठ दिवस रोज दोन तास मध्यम जोराचा व्यायाम करायला लावला, आणि आधी-नंतर त्यांचा प्लाझ्मा मोजला. आठ दिवसांत तो सरासरी १२ टक्क्यांनी, म्हणजे सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास वाढला. महिने नाही, आठ दिवस. आणि या प्रयोगातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट ही की तो व्यायाम जागेवरच्या सायकलवर होता. तळपाय एकदाही जमिनीवर आपटला नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा पहिला मुद्दा इथेच अर्धा गळून पडतो, पण त्याच्याकडे नंतर येते.

शरीर हे का करतं? दमवणाऱ्या व्यायामात घाम जातो, रक्तदाब सांभाळायचा असतो, म्हणून मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी धरून ठेवायचा निरोप मिळतो. रेनिन, अल्डोस्टेरॉन आणि व्हेसोप्रेसिन ही हार्मोन्स ते काम करतात. शिवाय रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन वाढतं आणि ते पाण्याला नळ्यांच्या आत खेचून ठेवतं. एकेका ठोक्यात हृदयाला जास्त रक्त फेकता येतं, त्याच वेगाला नाडी कमी लागते, आणि घामासाठी व कातडी थंड ठेवण्यासाठी हाताशी साठा राहतो. उन्हाळ्यात सराव केला की हे आणखी वाढतं. मार्च ते जून सराव केलेल्या माणसाचं रक्त पातळ दिसलं तर नवल कसलं? तो आजार नाही, तयारी नीट चालल्याची खूण आहे. याला ॲनिमिया म्हणणंच चूक आहे. डॉक्टर लोक खोटा ॲनिमिया म्हणतात, तेच बरं.

त्यात भाच्याच्या ग्रुपने रक्त घेतलं सोमवारी सकाळी. आदल्या दिवशी घाटात १८ किलोमीटर पळून आलेली पोरं ती! जोराच्या व्यायामानंतर एक-दोन दिवस प्लाझ्मा सगळ्यात जास्त फुगलेला असतो. वरण सगळ्यात पातळ असताना पळी बुडवली आणि मग डाळ दिसत नाही म्हणून बोंब मारली.

आता कोणी म्हणेल, मावशी, हे तुमचं म्हणणं, पण खरंच लोह कमी असतं तर? रास्त प्रश्न आहे. तो फॉरवर्ड लिहिणाऱ्याला पडला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. याचं उत्तर त्याच रिपोर्टमध्ये, हिमोग्लोबिनच्या चार ओळी खाली होतं, जिथे कोणी बघत नाही. भाच्याचा एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, होता ८९. आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशी एकमेकींपेक्षा किती लहानमोठ्या आहेत ते, १३. दोन्ही अगदी मधोमध. लोह खरंच संपत आलं की कारखान्यातून निघणारी नवी पेशी लहान आणि फिकी निघते, जुन्या मोठ्या आणि नव्या लहान यांची सरमिसळ होते, आणि आरडीडब्ल्यू वर चढतो. नुसतं पाणी वाढलं तर पेशींमधलं अंतर वाढेल, पेशी लहान कशाला होतील?

दुसरा पुरावा खुद्द गोळ्यांनी दिला. खरी लोहाची कमतरता असेल आणि गोळ्या पोटात जात असतील तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅमने वर यायला हवं. सात आठवडे रोज दोन गोळ्या घेऊन भाच्याचं किती झालं? १२.९. मशीनच्या मोजण्यातला फरकही याहून जास्त असतो. गोळ्या बंद करून दोन आठवड्यांनी मी फेरिटिन, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती आहे ते, काढलं, ते ९४ आलं. गोळ्यांमुळे त्यात थोडी भर पडली असेल हे मान्य, पण रिकामी कोठी सात आठवड्यांत तिथवर भरत नाही. ती आधीपासूनच बरी भरलेली होती.

तिसरा पुरावा नशिबाने मिळाला. ऑगस्टमध्ये घाटात निसरड्यावर त्याचा घोटा मुरगळला आणि नऊ दिवस पळणं बंद. दहाव्या दिवशी मी त्याला लॅबमध्ये बोलावलं, पंधरा मिनिटं खुर्चीवर बसवलं आणि रक्त घेतलं. बसवलं अशासाठी की उभ्या माणसाचा प्लाझ्मा पायांकडे झिरपतो आणि आकडा उगाच वर दिसतो. हिमोग्लोबिन १३.८. ना गोळी, ना बीट. सराव थांबला, पाणी उतरलं, डाळ वर आली. वाढलेला प्लाझ्मा आठवड्याभरात ओसरू लागतो, लाल पेशी इतक्या झटपट बनत नाहीत. नऊ दिवसांत जवळजवळ एक ग्रॅम वाढ नव्या रक्ताची असूच शकत नाही.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी, नाहीतर उद्या माझ्याच नावाने उलटा फॉरवर्ड फिरेल की रनरचं हिमोग्लोबिन कितीही उतरलं तरी ते पाणीच. पाण्याने आकडा साधारण अर्ध्या ते दीड ग्रॅमपर्यंत उतरतो. पुरुषाचं ११ आलं किंवा बाईचं १०.५ आलं तर प्लाझ्म्याच्या नावाने गप्प बसू नका. त्यात पुरुषाचं लोह खरोखर कमी निघालं तर ते जातंय कुठून हे शोधावंच लागतं. बहुतेकदा पोटातून जातं, आणि गुडघेदुखीसाठी येताजाता पेनकिलर खाणाऱ्या रनर्समध्ये तर हमखास तिथेच आधी बघायचं.

आता भाची. तिचं १२.३, म्हणजे बारा या रेषेच्या वर. फॉरवर्डप्रमाणे विषय संपला. पण दोन वर्षांपूर्वी बारावीत असताना तिचं १३.६ होतं, तो कागद ताईच्याच कपाटात होता. उन्हाळ्यापासून तिच्या वेळा घसरत होत्या. २१ मिनिटांच्या आसपास पाच किलोमीटर संपवणारी मुलगी साडेबावीसवर आली होती. जिना चढताना पोटऱ्या भरून येतात म्हणायची, आणि कोच म्हणायचे, मन लागत नाही तुझं. रिपोर्टमध्ये खाली बघितलं तर एमसीव्ही ८१, आरडीडब्ल्यू १५.४. मी तिला बोलावून फेरिटिन काढलं. ८. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे लोह वाहून नेणाऱ्या गाड्यांपैकी किती भरलेल्या आहेत ते, ११ टक्के. सोळाच्या खाली म्हणजे कारखान्याला कच्चा माल पुरत नाही.

फेरिटिन म्हणजे घरातली धान्याची कोठी आणि हिमोग्लोबिन म्हणजे रोज ताटात येणारी भाकरी. कोठी रिकामी होत आली तरी भाकरी येत राहते. तळ खरवडून, उसनंपासनं करून येते. ताट रिकामं दिसेल तेव्हा कोठी संपून महिने झालेले असतात. त्यामुळे नुसतं ताट बघून "घरात सगळं आहे" म्हणणारा माणूस शेवटपर्यंत फसतो. लांब पल्ल्याच्या खेळाडूंचे डॉक्टर साधारण तीन पायऱ्या मानतात. फेरिटिन ३५ च्या खाली गेलं पण बाकी ठीक, ही पहिली. फेरिटिन २० च्या खाली आणि सॅच्युरेशन १६ च्या खाली, पण हिमोग्लोबिन अजून तग धरून, ही दुसरी. तिन्ही खाली, ही तिसरी. भाची दुसऱ्या पायरीवर उभी होती आणि घरचे तिला ठणठणीत म्हणत होते. शिवाय स्नायूंनाही लोह लागतं, त्यामुळे हिमोग्लोबिन रेषेवर असतानाच पाय जड होऊ शकतात. मन लागत नव्हतं वगैरे काही नाही.

लोह गेलं कुठे? मी तिला पाळीबद्दल विचारलं. सात दिवस, पहिले तीन दिवस दोन-दोन तासांनी पॅड. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण आईचंही तसंच होतं म्हणे. महिन्याला ८० मिलिलिटर रक्त गेलं तर त्यासोबत साधारण ३३ मिलिग्रॅम लोह जातं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं, तुम्हीच गुणाकार करा. म्हणजे रोजचा मिलिग्रॅमभर जास्तीचा खर्च, आणि अंगाला रोज जो एक मिलिग्रॅम असाही लागतो तो वेगळा. शाकाहारी जेवणातलं लोह दहा टक्के अंगी लागलं तरी पुष्कळ. त्यावर जेवणाला लागूनच चहा, आमच्या घरातली जुनी खोड. चहाने त्यातलंही निम्म्याहून अधिक अडतं. हा जमाखर्च तोट्यातच जाणार. तिच्याही आकड्यात पाण्याचा थोडा वाटा असेलच, पळणारी तीही आहे. पण पाण्याने फेरिटिन ८ होत नाही.

आता पहिला मुद्दा. यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. १८८१ साली फ्लायशर नावाच्या जर्मन डॉक्टरने लांब संचलनानंतर लाल लघवी होणाऱ्या सैनिकाची नोंद केली होती, आणि ते लालपण फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचं होतं. २००३ मध्ये टेलफर्ड आणि मंडळींनी दहा ट्रायॲथलीटना एक तास पळवलं आणि एक तास सायकल चालवायला लावली, दोन्ही सारख्याच जोराने. पेशी दोन्हीत फुटल्या, पळण्यात चौपट जास्त. तेव्हा पाऊल आपटून पेशी फुटतात हे खरंच. पण फुटलेल्या पेशीतलं हिमोग्लोबिन रस्त्यावर सांडत नाही. हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन त्याला पकडून यकृताकडे नेतं आणि त्यातलं लोह पुन्हा वापरात येतं. भांडं फुटलं, तांबं मोडीत गेलं, नवं भांडं घडलं. लोह खरंच हातचं जातं ते हॅप्टोग्लोबिन संपून हिमोग्लोबिन लघवीत उतरलं तरच, आणि रोजच्या सरावात ते क्वचित. लांब पळून आल्यावर लघवी कोकमाच्या सरबतासारखी दिसली तर मात्र डॉक्टरकडे जा, पण तो वेगळा विषय आहे. या एका अर्ध्या सत्यावर सगळ्या ॲनिमियाची इमारत उभी करायची म्हणजे कमालच आहे.

आणि आता चौथा. हा सगळ्यात घातक, आणि तोच लोकांना सगळ्यात पटतो, कारण सी व्हिटॅमिनचं तसं होतं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. लोहाचं तसं नसतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. कातडी, आतड्याच्या पेशी झडतात त्यातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम जातं, बस्स. म्हणून शरीराने पहारा आत घेण्याच्या दारावर ठेवला आहे. यकृतातून हेप्सिडिन नावाचं हार्मोन निघतं आणि ते आतड्यातलं दार लोटून घेतं. कोठी भरलेली असेल तर हेप्सिडिन वाढतं, आणि तुमच्या दोन गोळ्यांतलं बहुतेक लोह आत न शिरता आतड्यातच पडून राहतं. भाच्याला त्याची फळं मिळाली. सात आठवडे बद्धकोष्ठ, सकाळी पोटात मळमळ, आणि संडास डांबरासारखी काळी. काळं बघून त्याला वाटलं आत रक्तस्राव होतोय आणि म्हणूनच हिमोग्लोबिन वाढत नाही, म्हणून त्याने आणखी नेमाने गोळ्या घेतल्या! हसावं की रडावं.

ज्यांच्या अंगात थॅलेसेमियाचा अंश असतो त्यांचंही हिमोग्लोबिन जन्मभर थोडं कमी आणि पेशी लहान असतात, लोह मात्र पुरेसं असतं. अशा माणसाने हा फॉरवर्ड वाचून वर्षानुवर्षं गोळ्या खाल्ल्या तर ते लोह साठून यकृताला भारी पडू शकतं. आणि ताई, तुझ्यासाठी एक ओळ स्वतंत्र लिहिते. ती पाकिटं टीव्हीखालच्या उघड्या फळीवर होती आणि तुझा अडीच वर्षांचा नातू दिवसभर तिथेच खेळत असतो. गोड, लाल, चकचकीत गोळी. लहान मुलाने लोहाच्या मूठभर गोळ्या खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. "अपाय नाही" असं लिहिणाऱ्याने तेवढं तरी लिहायचं होतं.

गोळी वाईट नाही, भाचीला मी तीच दिली. पण दिवसाला दोन नाही, दिवसाआड एक. झुरिकच्या संशोधकांनी २०१५ आणि २०१७ मध्ये दाखवलं की एक गोळी घेतली की चोवीस तास हेप्सिडिन चढलेलं राहतं, त्यामुळे लागोपाठच्या गोळीतलं लोह कमी शिरतं. त्यांचा अभ्यास भाचीसारख्याच तरुण बायकांवर होता, फेरिटिन कमी असलेल्या. पळण्यानेही हेप्सिडिन चढतं, पण ते तीन ते सहा तासांनी. म्हणून तिला सांगितलं, सकाळी पळून आलीस की अर्ध्या तासात गोळी, लिंबूपाण्यासोबत, आणि चहा तासाभराने. चहाच्या तासावरून घरात माझ्याशी अबोला धरला गेला होता. बी१२ तपासलं, कारण शाकाहारी घरात तेही कमी निघतं आणि त्याने पेशी मोठ्या होऊन लोहाची लहान पेशी झाकली जाते. तिचं बरं होतं. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, नुसतं वरून भरत राहून खालची गळती थांबत नाही. नऊ आठवड्यांनी हिमोग्लोबिन १३.३, फेरिटिन २६. भावाला सात आठवड्यांत ०.१, बहिणीला नऊ आठवड्यांत पूर्ण एक, आणि तेही एक तृतीयांश गोळ्यांत. कोठी अजून अर्धीच आहे, गोळ्या अजून काही महिने चालतील.

तिसऱ्या मुद्द्यावर मी काय बोलणार, मी लॅबवालीच आहे. एवढंच सांगते की दोन महिने रोज दोन गोळ्यांना जेवढा खर्च येतो त्याच्या आसपासच एक फेरिटिन होतं. उलट ज्यांनी करायची त्यांनी नीट करा. शर्यतीनंतर किंवा सर्दीतापात फेरिटिन खोटं वर दिसतं, कारण सूज आली की तेही चढतं. दोन-तीन दिवस हलका सराव किंवा सुट्टी, अंगात ताप नाही, सकाळची वेळ, दर वेळी तीच लॅब. लोहाची गोळी चालू असेल तर रक्त घेणाऱ्याला आधी सांगा.

पाचवा मुद्दा. कढईतल्या टोमॅटोच्या, चिंचेच्या आंबट भाजीत लोह उतरतं हे खरं, वापरा. बिटात १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढतं असं असेल तर कुंकवानेही वाढेल.

ताईचा काल फोन आला. भाच्याच्या उरलेल्या दोन पाकिटांचं काय करू, फेकू का? म्हटलं, फेकू नकोस, पोरीला त्याच कंपनीच्या चालू आहेत. मागची तारीख बघ आणि वरच्या कपाटात ठेव. तिचं पुढचं रक्त डिसेंबरात. ग्रुपने पुढच्या तपासणीलाही सोमवारच ठरवला होता, तो मी बदलून गुरुवार करायला लावला आहे.